पंधरा टक्के सूट, पण नेमकी कशावर?

‘मी घरून हाताने शिवलेली कापडी खेळणी विकते. वर्षभरापूर्वी दिवसाला पाच-सहा पार्सलं जायची, आता पस्तीस-चाळीस जातात. कुरियरचा रेट मात्र तोच आहे. कमी करा म्हटलं की पिकअपला येणारा मुलगा काय आणि ऑफिसातले काय, एकच सांगतात, “दिवसाला शंभर होऊ द्या, मग बघू.” आता दुसऱ्या कंपनीचा माणूस पंधरा टक्के कमी रेट देतो म्हणतोय. घासाघीस मला जमत नाही. कंपनी बदलू का, की याच लोकांशी बोलू? आणि बोलू तर नेमकं काय?’

ताई, दोघांपैकी कुणालाही हो-नाही म्हणायच्या आधी गेल्या तीन महिन्यांची बिलं काढून बसा. बिल म्हणजे ज्याच्या तळाशी एकूण रक्कम असते तो कागद नव्हे. त्याच्या मागे पार्सलवार यादी असते, ती हवी. ती मिळाली नसेल तर ऑफिसकडे मागा, एक्सेलमध्ये पाठवतात. त्या यादीत प्रत्येक पार्सलसमोर ते कुठल्या झोनला गेलं, तुम्ही किती वजन नोंदवलं, कंपनीने किती वजन धरून पैसे लावले, मूळ भाडं किती, त्यावर इंधन अधिभार किती आणि परत आलं असेल तर त्याचं किती, हे सगळं असतं. आधी दोनच रकाने शेजारी शेजारी ठेवा. एक तुम्ही नोंदवलेलं वजन, दुसरं आकारलेलं वजन.

कापडी खेळण्यांच्या धंद्यात या दोन रकान्यांत मोठी तफावत दिसते, कारण वस्तू हलकी आणि फुगीर असते. कुरियर कंपनी काट्यावरचं वजन आणि जागेचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरते. जागेच्या वजनाला ते व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात. पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकार करायचा आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने भागायचं, की किलो मिळतात. हा भाजक बहुतेक ठिकाणी ५००० असतो. काही कंपन्या ४००० धरतात, काही ६०००. हा आकडा नीट लक्षात ठेवा, पंधरा टक्केवाल्यांशी बोलताना तो लागणार आहे.

आता एक पार्सल घेऊ. खेळणं काट्यावर ३५० ग्रॅमचं आहे आणि तुम्ही ते २५ बाय २० बाय १५ सेंटिमीटरच्या खोक्यात पाठवता. गुणाकार होतो ७५००, त्याला ५००० ने भागलं की दीड किलो. म्हणजे पाठवलं साडेतीनशे ग्रॅम आणि पैसे भरले दीड किलोचे. रेट साधारणपणे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या स्लॅबने लागतो. पहिल्या अर्ध्या किलोला एक दर, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला दुसरा. दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून मी प्रत्यक्ष रकमा न घेता नुसते आकडे धरून हिशोब मांडते. समजा लांबच्या झोनला पहिल्या अर्ध्या किलोचा दर १६० आहे आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोचा १४०. दीड किलोचं भाडं झालं १६० अधिक १४० अधिक १४०, म्हणजे ४४०.

तुमच्याकडे आलेल्या माणसाचे पंधरा टक्के बऱ्याचदा फक्त पहिल्या अर्ध्या किलोवर असतात. रेट कार्डावर सगळ्यात वरची ओळ तीच असते आणि तीच दाखवून बोलणं होतं. तसं असेल तर १६० चे १३६ होतील, वरचे दोन स्लॅब १४० नेच राहतील, आणि तुमचं ४४० चं पार्सल ४१६ ला जाईल. ही सूट साडेपाच टक्क्यांच्याही आतच राहते. म्हणून त्याला पहिला प्रश्न हा विचारा, की पंधरा टक्के कुठल्या ओळीवर? पहिल्या स्लॅबवर की वाढीव स्लॅबवरही? सगळ्या झोनला की फक्त जवळच्या? यात भांडण काही नाही, रेट कार्ड समोर धरून बोट ठेवायचं आणि विचारायचं.

आता तेच खेळणं खोक्याऐवजी जाड कुरियर पिशवीत घाला. मोडण्यासारखं त्यात काही नाही, त्यामुळे खोक्याची गरजच नाही. पिशवी भरल्यावर २५ बाय २० बाय ९ झाली तर गुणाकार ४५००, म्हणजे ९०० ग्रॅम. आकारणी एक किलोची. भाडं १६० अधिक १४०, म्हणजे ३००. कुणाशी एक शब्द न बोलता ४४० वरून ३०० वर आलात, आणि ही बत्तीस टक्के बचत झाली. दिवसाला चाळीस पार्सलं जाणाऱ्या घराला इतकी सूट कुठलीही कंपनी देणार नाही. तेव्हा बोलणी करायला जायच्या आधी पॅकिंग बदला. याला दुसरंही एक कारण आहे. कंपनी तुमचा रेट तुमच्या सध्याच्या सरासरी आकारलेल्या वजनावरून काढते. दीड किलोची सवय दाखवून रेट ठरवलात आणि नंतर पिशव्या आणल्यात, तर ठरलेली सूट ज्या स्लॅबवर आहे तो स्लॅब तुम्ही वापरतच नाही, असं होऊ शकतं.

पिशवी मोजताना मात्र सावध राहा. कापसाने भरलेलं खेळणं पिशवीत घातलं की मधोमध फुगतं. तुम्ही टेप कडेला लावता आणि नऊ सेंटिमीटर वाचता. कंपनीच्या मोठ्या केंद्रातलं यंत्र मात्र सगळ्यात उंच जागा पकडते आणि लांबी, रुंदीही बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत धरते. मध्ये फुगवटा १२ सेंटिमीटरचा असेल तर गुणाकार ६००० होतो, वजन १ किलो २०० ग्रॅम, आणि आकारणी पुन्हा दीड किलोची. तीन सेंटिमीटर हवेपायी एक अख्खा स्लॅब गेला. या मापाच्या पिशवीला उंचीची हद्द १० सेंटिमीटर आहे, कारण २५ गुणिले २० गुणिले १० बरोबर ५०००. एक जाड पुठ्ठा घ्या, त्यात १० सेंटिमीटरला किंचित कमी उंचीची आणि २५ सेंटिमीटर रुंदीची फट कापा आणि तो पॅकिंगच्या टेबलावर उभा करा. भरलेली पिशवी त्या फटीतून न दाबता सरकली तरच ती पिकअपच्या ढिगात ठेवायची. अडकली तर तोंड उघडून हवा काढायची, खेळण्याचे हातपाय नीट दुमडायचे आणि पुन्हा बंद करायची. कापूस काही तासांत परत फुलतो, म्हणून सकाळी भरलेली दोन-चार पार्सलं संध्याकाळी पुन्हा त्याच फटीतून घालून बघा.

एवढं झालं की दोन आठवडे नव्या पिशव्या जाऊ द्या आणि त्यांचं आकारलेलं वजन यादीत तपासा. कुठे दीड किलो लागलं असेल तर त्या पार्सलचा काट्यावरचा आणि टेप लावलेला फोटो, लेबल दिसेल असा, सोबत जोडून तक्रार करा. वजनाच्या तक्रारीला बहुतेक कंपन्या मोजकेच दिवस देतात, त्यामुळे बिल येण्याची वाट बघत बसू नका. रोजच्या सगळ्या पार्सलांचे फोटो काढायला वेळ नसतो हे मला कळतं. प्रत्येक मापाच्या एका पिशवीचा रोज एक फोटो काढलात तरी पुरतं.

आता बोलण्याकडे येऊ. ‘शंभर होऊ द्या’ हे उत्तर ज्यांनी दिलं त्यांच्यापैकी कुणाच्याच हातात रेट नसतो. पिकअपच्या मुलाच्या हातात नाही, काउंटरवर बसणाऱ्याच्याही नाही. रेट असतो सेल्सच्या माणसाकडे, आणि त्याच्याकडेही ठराविक मर्यादेपर्यंतच. त्याच्या वर जायचं तर तो एरिया मॅनेजरची मंजुरी आणतो. तुमचं खातं एखाद्या फ्रँचायझीमार्फत असेल तर मामला आणखी वेगळा. फ्रँचायझीवाला त्याच्या स्वतःच्या कमिशनमधून थोडं सोडू शकतो, पण त्याचं कमिशन संपलं की त्याच्याकडे देण्यासारखं काही उरत नाही. अशा वेळी थेट कंपनीत खातं उघडण्याबद्दल विचारणं योग्य. पार्सलं गोळा करून मोठ्या घाऊक रेटने पाठवणाऱ्या ऑनलाइन सेवा वापरत असाल तरी हेच. सुरुवातीच्या पाच-सहा पार्सलांना त्या स्वस्त पडतात, कारण त्या हजारो छोट्या विक्रेत्यांचं काम एकत्र करून रेट घेतात. तुमच्या आजच्या संख्येला थेट खात्याचा रेट मागवून दोन्ही ताडून बघायची वेळ आली आहे.

आणि शंभरची वाट बघायला लावण्याइतके तुम्ही लहान ग्राहक राहिलेला नाही. कुरियर कंपनीचा खर्च कुठे होतो ते बघा. तुमच्या दारापर्यंत गाडी येणं, माणसाने जिना चढणं, स्कॅन करणं, परत जाणं. सहा पार्सलं असोत की चाळीस, या फेरीचा खर्च जवळपास तेवढाच. तेव्हा फेरीचा खर्च सहा पार्सलांवर वाटला जायचा, आज चाळीसांवर वाटला जातो. म्हणजे तुमच्या प्रत्येक पार्सलमागे त्यांचा पिकअपचा खर्च सहाव्या हिश्शाच्याही खाली आला आहे. ही बचत सध्या पूर्णपणे त्यांच्या खिशात जाते. तुम्ही मागताय तो या बचतीतला वाटा आहे. हे मनाशी पक्कं असलं की मागताना ओशाळं वाटत नाही. अर्थात पिकअप हा एकूण खर्चाचा एकच भाग आहे. पुढचा प्रवास आणि दारात पोहोचवणं यांचा खर्च तुमच्या संख्येने फारसा हलत नाही, म्हणून चाळीस पार्सलांवर रेट अर्धा होईल अशी अपेक्षा धरू नका.

पिकअपचा खर्च आणखी कमी करणाऱ्या काही गोष्टी तुमच्या हातात आहेत आणि त्यांची बोलताना किंमत आहे. रोज ठरलेल्या वेळी सगळी पार्सलं लेबल लावून तयार असणं, म्हणजे त्यांच्या माणसाला दारात दहा मिनिटं थांबावं लागत नाही. सगळी पार्सलं दोन-तीनच मापांची असणं. पत्ता आणि फोन नंबर पाठवायच्या आधी तपासलेले असणं. बिल वेळेवर चुकतं होणं. सेल्सच्या माणसाला वर मंजुरी मागताना कारणं लिहावी लागतात, ही कारणं तुम्ही त्याला आयती द्या.

तुम्हाला घासाघीस जमत नाही म्हणता, मग फोनवर भाव पाडत बसूच नका. ईमेल लिहा. रेटच्या बाबतीत ईमेल नेहमीच बरा, कारण तो सेल्सचा माणूस जसाच्या तसा वर पाठवू शकतो. मजकूर साधारण असा ठेवा:

‘गेल्या तीन महिन्यांत आमची महिन्याला सरासरी अमुक पार्सलं गेली. त्यातली इतकी शहरात, इतकी जवळच्या झोनला आणि इतकी लांबच्या झोनला. आकारलेलं वजन बहुतेक एक किलोच्या आत आहे. परतीचं प्रमाण इतकं. रोज संध्याकाळी अमुक वाजता सगळी पार्सलं लेबलसह एकाच ठिकाणी तयार असतात. आम्हाला सुधारित रेट कार्ड हवं आहे. त्यात मुख्यतः लांबच्या झोनचा अर्ध्या ते एक किलोचा वाढीव स्लॅब, परतीचा दर आणि व्हॉल्यूमेट्रिक भाजक या तीन गोष्टींचा विचार व्हावा. महिन्याला १०००, १५०० आणि २५०० पार्सलांचे रेट वेगवेगळे लिहून द्यावेत. आणखी एका कंपनीकडून आम्ही रेट मागवले आहेत. या महिनाअखेर निर्णय घ्यायचा आहे.’

यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम घातली आहे. पहिली म्हणजे, ‘रेट कमी करा’ असं मोघम म्हटलं की ते सगळ्यात कमी वापरल्या जाणाऱ्या ओळीत सूट देऊन मोकळे होतात. तुमची बहुतेक पार्सलं लांब जात असतील आणि एक किलोच्या स्लॅबमध्ये बसत असतील, तर शहरातल्या पहिल्या अर्ध्या किलोवर पंचवीस टक्के सूट मिळूनही तुमच्या बिलावर फरक पडणार नाही. तुम्हाला लांबच्या झोनची १४० ची ओळ १२० वर आणायची आहे. ती आली की ३०० चं पार्सल २८० ला जातं, आणि जुन्या खोक्याच्या ४४० शी ताडलं तर छत्तीस टक्के कमी.

दुसरी गोष्ट, महिन्याचे तीन टप्पे. दिवसाला चाळीस, साठ आणि शंभर यांचेच हे महिन्याचे आकडे आहेत, पंचवीस दिवस धरून. ‘शंभर झाले की बघू’ म्हणणाऱ्याला तुम्ही सांगता आहात, की मग शंभरला काय देणार ते आजच लिहा, आणि साठलाही लिहा. लिहून घेतलं की पुढची वाढ झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून बोलणी करावी लागत नाहीत. टप्पा दिवसावर न ठेवता सलग तीन महिन्यांच्या सरासरीवर ठेवायला सांगा. घरच्या धंद्यात एखादा आठवडा थंड जातोच, आणि एका थंड आठवड्यापायी रेट वर जायला नको.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या कंपनीचा उल्लेख. तो एका वाक्यात, खरा आणि शांत ठेवा. त्या कंपनीचा आकडा लगेच सांगू नका. सांगितलात की बोलणं त्या आकड्याशी बांधलं जातं आणि ‘पंधरा नाही, बारा करू’ इथेच संपतं. न मिळालेला रेट मिळाल्याचं तर कधीच सांगू नका. या माणसांची आपसात ओळख असते आणि खोटं लगेच उघड होतं.

उत्तर बहुधा असं येईल की मूळ दर कंपनीच्या धोरणाप्रमाणे आहे, तो हलत नाही. तेव्हा अडून बसू नका, पुढच्या ओळीवर जा. मूळ दर हलत नसेल तर भाजक ५००० चा ६००० करता येईल का? २५ बाय २० बाय १२ ची फुगलेली पिशवी मग बरोबर एक किलोत बसते आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या फटीची कटकट बरीच कमी होते. तेही नाही म्हणाले तर परतीचा दर. पैसे दारात घ्यायची पद्धत असेल तर परत येणारी पार्सलं बिल खातात. शंभर पाठवली, बारा परत आली आणि परतीला जाण्याइतकंच भाडं असेल, तर तुम्ही ११२ भाडी भरून ८८ पार्सलं पोहोचवलीत. परतीचं भाडं निम्मं झालं तर १०६ भाड्यांत तेच काम होतं, म्हणजे या बिलात पाच टक्क्यांहून थोडी जास्तच बचत. परत येणाऱ्या पार्सलांत नवा ग्राहक शोधायचा, दारात पैसे घ्यायचे वगैरे खर्च नसल्याने या ओळीत सूट द्यायला कंपन्या तुलनेने तयार होतात. दारात गोळा झालेले पैसे तुमच्या खात्यात किती दिवसांनी येतात हेही विचारून घ्या. दोन आठवड्यांचे एका आठवड्यावर आले तर रेट न बदलताही हातात खेळतं भांडवल राहतं, आणि नवीन कापड घ्यायला तेच लागतं.

एका जागी मात्र हात आखडता घ्या. कमी रेटच्या बदल्यात ते महिन्याच्या किमान संख्येची हमी मागतील. तेव्हा आजची सरासरी सांगू नका, वाढीच्या उत्साहात उद्याची तर नाहीच. वर्षातला सगळ्यात मंद महिना बघा आणि त्याहूनही थोडा कमी आकडा लिहून द्या. हमीपेक्षा कमी पार्सलं गेली तर कुठे फरकाचे पैसे लावतात, कुठे आख्खं बिल जुन्या चढ्या रेटने काढतात. यातलं काय होणार ते करारात वाचल्याशिवाय सही नको.

आता त्या पंधरा टक्केवाल्याकडे परत येऊ, कारण त्याचा रेट खरोखर चांगलाही असू शकतो. समजा त्याने सगळ्या ओळींवर पंधरा टक्के दिले. लांबच्या झोनला पहिला अर्धा किलो १३६, पुढचा प्रत्येक ११९. पण त्याच्या रेट कार्डाच्या तळाशी भाजक ४००० लिहिला असेल तर तुमची २५ बाय २० बाय ९ ची पिशवी, म्हणजे ४५०० भागिले ४०००, १ किलो १२५ ग्रॅम होते. आकारणी दीड किलोची. भाडं १३६ अधिक ११९ अधिक ११९, म्हणजे ३७४. आज ३०० ला जाणारं पार्सल पंधरा टक्के सूट घेऊन ३७४ ला गेलं, जवळपास पंचवीस टक्के महाग. खेळणी जड आणि आटोपशीर असती, समजा लाकडी असती, तर हाच भाजक तुम्हाला लागलाच नसता आणि पंधरा टक्के पूर्ण मिळाले असते. म्हणून दुसऱ्या विक्रेत्याला कोणती कंपनी परवडते यावर जाऊ नका, तुमच्या पिशवीवर हिशोब करा.

तसंच इंधन अधिभाराचं. तो मूळ भाड्यावर टक्क्यांनी लागतो आणि त्याचा दर बदलत राहतो. १०० च्या भाड्यावर दहा टक्के अधिभार असेल तर ११० होतात. दुसऱ्याकडे भाडं ८५ आणि अधिभार पंचवीस टक्के असेल तर १०६.२५. पंधराची सूट साडेतीन टक्क्यांवर आली. अधिभार एकतर रेटमध्येच धरून द्या म्हणावं, नाहीतर त्याला वरची मर्यादा लिहून घ्यावी. करही कुठे धरला आहे आणि कुठे नाही ते तपासा, म्हणजे दोन्ही रेट कार्डं सारख्या पातळीवर येतील.

सगळ्यात खात्रीची तुलना एकच आहे. गेल्या महिन्याची तुमची पार्सलवार यादी घ्या, मापांसह, आणि प्रत्येक पार्सलला नव्या कंपनीचे दर, भाजक आणि अधिभार लावून तो महिना पुन्हा मांडा. एक्सेलमध्ये ही दोन तासांची बैठक आहे. एकूण रकमेला पोहोचलेल्या पार्सलांच्या संख्येने भागा, पाठवलेल्या नाही. जो आकडा येईल तो दोन्ही कंपन्यांचा खरा रेट. तो दहा टक्क्यांहून कमी फरकाचा निघाला तर केवळ त्यासाठी कंपनी बदलू नका, असं माझं मत आहे. नव्या कंपनीचे पहिले काही आठवडे पत्ते चुकतात, पिकअपच्या वेळा बसत नाहीत, आणि दोन-चार ग्राहक गमावले तर ती बचत तिथेच जाते.

फरक मोठा असेल तरी एकदम सगळं हलवू नका. दोन-तीन आठवडे आठ-दहा पार्सलं रोज नव्या कंपनीला द्या. सोपी, जवळची निवडून देऊ नका. शहरातली, लांबची, दारात पैसे घेण्याची, सगळी मिसळून द्या, म्हणजे तुमच्या रोजच्या मिश्रणासारखी. तीन गोष्टी लिहून ठेवा. किती दिवसांत पोहोचलं, किती वजन आकारलं आणि किती परत आलं. परतीचा आकडा विशेष बघा. दारात माणूस नसेल तर काही डिलिव्हरीवाले फोन न करताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं लिहून पार्सल परत पाठवतात. हे कळायला सोपं आहे. परत आलेल्या चार-पाच ग्राहकांना फोन करून विचारा की तुम्हाला फोन आला होता का. रेट पंधरा टक्के कमी आणि परती दुप्पट, अशा कंपनीत तुमचं नुकसानच आहे.

चाचणी चांगली गेली तरी जुनी कंपनी पूर्ण सोडू नका असंच मी सांगेन. मात्र निम्मं-निम्मं वाटू नका. चाळीसची वीस-वीस झाली की दोघांकडेही तुम्ही पुन्हा छोट्या ग्राहक. एकीकडे तीस-बत्तीस ठेवा आणि दुसरीकडे एखादा झोन पूर्ण द्या, जिथे तिची सेवा चांगली आहे. तो झोन देताना त्या झोनपुरता वेगळा रेट मागता येतो, आणि मुख्य कंपनीने एखाद्या दिवशी पिकअप चुकवला तर चालू खातं हाताशी असतं.

वेळेचं सांगायचं तर गर्दीच्या हंगामात रेटचा विषय काढू नका. तेव्हा त्यांच्या गाड्या भरलेल्या असतात आणि तुमच्या चाळीस पार्सलांशिवाय त्यांचं काही अडत नाही. हंगाम संपून गाड्या रिकाम्या धावू लागल्या की ईमेल पाठवा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सेल्सच्या माणसाचं टार्गेट समोर असतं, तेव्हा मंजुऱ्या लवकर होतात. ठरलेला रेट किती महिने टिकणार आणि वाढवायचा झाल्यास किती दिवस आधी कळवणार, हे रेट कार्डावरच लिहून घ्या. तीस दिवसांची आगाऊ सूचना मागायला हरकत नाही.

नवं रेट कार्ड सहीशिक्क्यानिशी आलं, तरी पहिलं बिल जुन्याच दराने आल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे. सेल्सने मंजुरी घेतलेली असते, पण बिलिंगच्या सिस्टीममध्ये नवे दर चढलेले नसतात, किंवा एकाच झोनला चढलेले असतात. म्हणून पहिल्या बिलातली प्रत्येक झोनची दोन-दोन पार्सलं हाताने मोजून बघा. चूक निघाली तर फोनवर ‘पुढच्या वेळी करू’ यावर थांबू नका. त्या पार्सलांचे नंबर, लागलेली रक्कम, लागायला हवी होती ती रक्कम आणि रेट कार्डाची प्रत ईमेलने पाठवा आणि फरकाची क्रेडिट नोट मागा. ती हातात आली की पुढच्या बिलातून तेवढी रक्कम वळती करून घ्या.